व्हॉइस नोटमधला आवाज पातळ का येतो? (वेग वाढवून ऐकणे आणि मजकुरात उतरवणे याबद्दलही विचारायचे आहे)

कोयनाकाठ

नमस्कार. माझी आई पाटण तालुक्यात आमच्या गावी असते आणि मी पुण्यात. तिला टाइप करता येत नाही असे नाही, पण आवडत नाही. त्यामुळे शेतातली कामे, भावकीतल्या बातम्या आणि अधूनमधून जात्यावरची एखादी ओवी असे सगळे ती व्हॉइस नोटमधूनच पाठवते. एखादी नोट दोन मिनिटांची असते, एखादी सात मिनिटांची.

आईचा आवाज प्रत्यक्षात भरदार आहे. नोटमध्ये मात्र तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पातळ ऐकू येतो आणि गेल्या दोन महिन्यांत तर तो आणखीच बारीक झाला आहे. तिची तब्येत ठीक आहे, प्रत्यक्ष भेटीत आवाजही पूर्वीसारखाच आहे. हे नेमके कुठे बिघडते, ते मला समजून घ्यायचे आहे, कारण या ओव्या मला जपून ठेवायच्या आहेत.

आणखी दोन गोष्टी. मी लांब नोट दुप्पट वेगाने ऐकते, आणि मागच्या आठवड्यात त्यामुळे फजिती झाली: आईने भुईमूग सात पोती झाल्याचे सांगितले होते, मी ते साठ ऐकले आणि मामेभावाला तसे कळवूनही टाकले. दुसरे म्हणजे, या नोटा मजकुरात उतरवून ठेवता येतील का? आईची बोली तिकडची आहे, पुस्तकी नाही.

दुसरा_चहा

सोपे आहे. आपण पाठवलेला आवाज कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथे जागा वाचवण्यासाठी तो दाबून लहान केला जातो. प्रत्येक वेळी फॉरवर्ड केला की पुन्हा दाबला जातो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या हातातली नोट आणखी खराब लागते. त्यात तुम्ही दुप्पट वेगाने ऐकता, म्हणजे कॅसेट जोरात फिरवल्यासारखा स्वर वर चढतो आणि आवाज बारीक होतो. एकपट वेगाने ऐका, निम्मी तक्रार तिथेच संपेल.

जुना_खरखराट

वरच्या उत्तरात आवाज दाबला जातो एवढे बरोबर आहे. कुठे आणि केव्हा, ते मात्र चुकले आहे, आणि कोयनाकाठ यांच्या प्रश्नाचे उत्तर नेमके त्या 'कुठे'मध्येच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझे आयुष्य ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेले, तेव्हा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

व्हॉट्सॲपचे उदाहरण घेऊ. २०१६ पासून तिथला संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधल्या सर्व्हरला आतला आवाज ऐकताच येत नाही, तर तो दाबणार कसा? आवाज लहान होतो तो बोलणाऱ्याच्या फोनवर, तोंडातून शब्द निघत असतानाच. फॉरवर्ड करताना तीच तयार फाइल पुढे सरकते, त्यामुळे दहाव्या हातातली नोटही पहिलीइतकीच चांगली किंवा वाईट असते. अपवाद एकच: कोणी एका फोनवर नोट वाजवून दुसऱ्या फोनवर पुन्हा रेकॉर्ड केली, तर ती खरोखरच बिघडते. आमच्या सोसायटीत हा प्रकार नेहमी चालतो.

आता पातळपणाकडे वळू. या नोटेची फाइल `.opus` या नावाची असते. ओपस ही आवाज आटोपशीर साठवण्याची पद्धत २०१२ साली प्रमाणित झाली आणि पद्धत म्हणून ती उत्तम आहे. तिच्यात संगीतसुद्धा सुरेख साठवता येते. पण व्हॉइस नोटसाठी तिला फार थोडा शिधा दिलेला असतो. माझ्याकडच्या नोटा तपासल्या, तर आवाजाचे सेकंदाला १६,००० नमुने घेतलेले दिसतात. नमुन्यांच्या निम्म्याहून वरची कंपने साठवताच येत नाहीत, म्हणजे ८,००० हर्ट्झच्या वरचे सगळे गेले. आपण ज्याला आवाजातली 'हवा' म्हणतो, म्हणजे 'स' उच्चारताना दातांमधून सुटणारा वारा किंवा वाक्याच्या आधी घेतलेला श्वास, त्याचा मोठा भाग तिथेच वर असतो.

पण हवा गेली तर आवाज मंद आणि झाकल्यासारखा व्हायला हवा, पातळ नाही. पातळपणा खालच्या बाजूने येतो. स्त्रीच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि आवाजाला अंग येते ते या मूळ स्वरामुळे व त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा लगतच्या पटींमुळे. फोनचा इवलासा स्पीकर हा भाग जवळजवळ वाजवतच नाही. गंमत अशी की आपला मेंदू वरच्या पटींवरून मूळ स्वर कोणता असेल ते ओळखतो, त्यामुळे आई आपल्याला चढ्या पट्टीत बोलल्यासारखी वाटत नाही. पट्टी तीच राहते, फक्त अंग नाहीसे होते. 'पातळ' हा शब्द तुम्ही अगदी नेमका वापरलात.

तेव्हा आधी एक साधी परीक्षा करा. तीच नोट तारेच्या चांगल्या हेडफोनवर ऐका. पातळपणा बराचसा गेला तर दोष तुमच्या स्पीकरचा. गेला नाही, तर पुढे पाहू. शिवाय गेल्या दोन महिन्यांत काय बदलले, तेही आठवून सांगा. नवा फोन, नवे कव्हर, काहीही.

अंगणातली_तुळस

माझाही हाच प्रश्न आहे. मी फोनमध्ये मराठीत बोलते आणि तो लिहितो, पण 'ळ'च्या जागी बऱ्याचदा 'ल' उमटतो. माझाही आवाज पातळ जात असेल का? कोणते सेटिंग बदलावे?

जुना_खरखराट

तुळसताई, तुमचे प्रकरण वेगळे आहे. तुम्ही कीबोर्डवरच्या माइकने बोलून लिहिता. तिथे व्हॉइस नोट तयारच होत नाही. कीबोर्डच्या भाषांमध्ये मराठी निवडली आहे की हिंदी, ते आधी पाहा. हिंदी निवडलेली असेल, तर 'ळ'चा 'ल' होणारच.

कोयनाकाठ

काका, हेडफोनवर ऐकले. जुन्या नोटा खूपच बऱ्या वाटल्या, अंग परत आले. पण गेल्या दोन महिन्यांतल्या नोटा हेडफोनवरही तशाच आहेत, जुन्या ट्रंक कॉलसारख्या. काय बदलले याचा विचार केला, तेव्हा लक्षात आले की भाच्याने दिवाळीत आजीला गळ्यात घालायचा ब्लूटूथ नेकबँड दिला. तो ती दिवसभर घालूनच असते. पण तो ऐकण्यासाठी आहे. बोलताना ती फोनच तोंडाजवळ धरते.

दुसरा_चहा

सर्व्हरचे माझे चुकले, मान्य. पण नेकबँडचा संबंध दिसत नाही. त्यावर गाणी उत्तम वाजतात, माझ्याकडे तसाच आहे.

जुना_खरखराट

गाणी उत्तम वाजतात हे खरे, आणि लोक नेमके तिथेच फसतात. ब्लूटूथवर आवाज नुसता एका दिशेने जात असतो, तेव्हा त्याला प्रशस्त रस्ता मिळतो. माइक चालू झाला की तेच यंत्र टेलिफोनच्या रस्त्यावर उतरते, कारण आवाज दोन्ही दिशांनी न्यायचा असतो. त्या रस्त्याच्या जुन्या प्रकारात सेकंदाला ८,००० नमुने असतात, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वर काहीच नाही. नव्या प्रकारात याच्या दुप्पट असतात, पण स्वस्त नेकबँड आणि फोन यांचे एकमेकांशी कशावर जमते ते बाहेरून दिसत नाही.

आई फोन तोंडाजवळ धरते, पण फोन कोणत्या माइकने ऐकतो आहे? काही फोन ब्लूटूथ जोडलेले असले की व्हॉइस नोटसाठीही त्याचाच माइक घेतात, काही घेत नाहीत. याची परीक्षा बिनखर्चाची आहे: आईला नोट रेकॉर्ड करताना आधी फोनच्या खालच्या कडेवर नखाने टकटक करायला सांगा आणि मग नेकबँडच्या बटणांजवळ. जी टकटक मोठी ऐकू येईल, तो माइक.

संगणक हाताशी असेल, तर एक जुनी आणि एक नवी नोट घेऊन हे करा. फाइलला सोपे नाव द्या.

```
opusinfo juni.opus
ffmpeg -i juni.opus -lavfi showspectrumpic=s=1024x512 juni.png
```

पहिली आज्ञा फाइलच्या कपाळावर काय लिहिले आहे ते सांगते, दुसरी आवाजाचे चित्र काढते. चित्रात आडवी बाजू वेळेची आणि उभी कंपनांची असते. रंग कोणत्या उंचीवर कापल्यासारखा थांबतो, एवढेच पाहा. `ffmpeg` ने ओपस फाइलसाठी ४८,००० हा आकडा दाखवला तर गोंधळू नका. ओपस फाइल उलगडताना तो तसाच येतो, मूळ रेकॉर्डिंगशी त्याचा संबंध नसतो.

आखाती_मराठी

दोह्याहून लिहितो आहे. इथे आमचे सगळे कुटुंबजीवन व्हॉइस नोटांवर चालते, त्यामुळे धागा आवडीने वाचतो आहे. माझा अनुभव असा की कर्करोगाच्या उपचारांनंतर वडिलांचा आवाज खूपच हलका झाला होता आणि त्यांच्या नोटा मला ऐकूच येत नसत. ते टेबलावर फोन ठेवून लांबून बोलत. फोन हनुवटीच्या बाजूला, एक वीत अंतरावर धरायला सांगितल्यावर मोठा फरक पडला. माइकचे छिद्र करंगळीखाली झाकले जात होते, तेही सापडले. ब्लूटूथ वगैरे शोधण्याआधी हे पाहावे.

जुना_खरखराट

अगदी योग्य. लांबून बोलले की भिंतींवरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो, फोन त्याला गोंगाट समजून कातरू लागतो आणि शब्दांच्या कडा झिजतात. मात्र स्टुडिओतल्या काही माइकना तोंड चिकटवले की आवाज भारदस्त होतो, तसे फोनच्या माइकमध्ये फारसे होत नाही. तिथे फार जवळ गेलात तर 'प', 'फ', 'भ'चे फुत्कार तेवढे मिळतात. वीतभर अंतर आणि थोडी तिरकी बाजू, हेच बरे.

कोयनाकाठ

काल संध्याकाळी भाऊ गावी होता, त्याच्याकडून टकटक करून घेतली. नेकबँडची टकटक दणदणीत आणि फोनची ऐकू येईल न येईल अशी. म्हणजे आई दोन महिने फोनकडे तोंड करून गळ्यातल्या माइकशी बोलत होती.

फाइलीही तपासल्या. जुनी नोट २ मिनिटे १० सेकंदांची, ३२५ किलोबाइट. नवी ३ मिनिटे २० सेकंदांची, ५०० किलोबाइट. `opusinfo` दोन्हींसाठी `Original sample rate: 16000 Hz` असेच सांगते. पण चित्रे पूर्ण वेगळी आहेत. जुन्या नोटेत रंग ८,००० च्या जरा खाली थांबतो आणि नव्या नोटेत ४,००० च्याही खाली, सुरीने कापल्यासारखा. फाइल दोन्हीकडे सारखीच जागा खाते, तरी एकीत निम्माच आवाज आहे, हे कसे?

जुना_खरखराट

तुम्ही फार छान पुरावा आणलात. हिशेब करून पाहू. ३२५ किलोबाइटचे बिट करायला ८ ने गुणले आणि १३० सेकंदांनी भागले की सेकंदाला २० किलोबिट येतात. ५०० ला ८ ने गुणून २०० ने भागले, तरी २० च. म्हणजे ॲपने दोन्ही वेळा सारखाच डबा भरला. नव्या नोटेत डब्यात घालायला जो आवाज आला, तोच ब्लूटूथच्या रस्त्यावर आधी निम्मा होऊन आला होता. डब्याचा आकार किंवा त्यावरची चिठ्ठी पाहून हे कधीच कळले नसते. आत पाहावे लागते. म्हणूनच 'फाइल मोठी म्हणजे आवाज चांगला' हा ठोकताळा इथे उपयोगाचा नाही.

उपाय सरळ आहे: नोट रेकॉर्ड करण्यापूर्वी ब्लूटूथ बंद करायचे. आणि ओवीसाठी व्हॉइस नोट वापरूच नका. फोनमधल्या साध्या रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण करून ती फाइल दस्तऐवज म्हणून पाठवायला सांगा. दस्तऐवजाला ॲप हात लावत नाही. रेकॉर्डर सेकंदाला १२८ किलोबिटांवर लावला असेल, तर तेवढ्याच २ मिनिटे १० सेकंदांना साधारण २ मेगाबाइट लागतील, म्हणजे नोटेच्या सहापटीहून थोडे अधिक. आजच्या डेटाच्या भावात ते काही फार नाही.

आतापर्यंतच्या नोटांमधला गेलेला आवाज मात्र कोणत्याही इक्वलायझरने परत येणार नाही. २०० हर्ट्झच्या आसपास थोडे वाढवले, तर हेडफोनवर ऊब येते, एवढेच.

डावा_कान

मी दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावतो, म्हणून वेगाबद्दल थोडे लिहितो. मला एकपट वेगही जड जातो आणि ॲपमध्ये एकपट, दीडपट आणि दुप्पट असे तीनच पर्याय मिळतात. सावकाश ऐकण्याची सोयच नाही. जणू ऐकणाऱ्या प्रत्येकाला घाई आहे. मी नोट शेअर करून व्हीएलसीमध्ये उघडतो आणि ०.८ पट वेगाने ऐकतो. वाक्ये समजतात. पण आकडे आणि नावे तरीही निसटतात. सात आणि साठचा गोंधळ माझ्या घरी रोजचा आहे, आणि तोही दुप्पट वेगाशिवाय.

दुसरा_चहा

सावकाश केल्यावर स्वर खाली उतरत नाही का? माझ्या कॅसेटच्या मुद्द्याचे अजून कोणी उत्तर दिलेले नाही.

जुना_खरखराट

देतो. कॅसेट जोरात फिरवली की प्रत्येक लाट आखूड होते, म्हणून स्वर चढतो. फोन तसे करत नाही. कोयनाकाठ यांच्या आईचा स्वर २०० हर्ट्झचा असेल, तर त्यातली एक लाट ५ मिलिसेकंदांची असते. 'सात'मधला लांब 'आ' २०० मिलिसेकंद टिकला, तर त्यात एकसारख्या चाळीस लाटा असतात. दुप्पट वेगासाठी सॉफ्टवेअर लाटेची लांबी मोजते, शेजारच्या लाटा एकमेकींत मिसळते आणि वीसच वाजवते. प्रत्येक लाट तेवढीच लांब राहिल्याने स्वर तिथेच राहतो. अँड्रॉइडवर यासाठी बऱ्याच ॲपमध्ये सॉनिक नावाचे सॉफ्टवेअर असते, आणि ते मुळात बोललेल्या आवाजासाठीच लिहिलेले आहे. सावकाश करताना हेच उलटे होते, लाटा पुन्हा पुन्हा वाजवल्या जातात. मूळ फाइलला धक्काही लागत नाही.

म्हणजे स्वरांचे काही बिघडत नाही, ते मुबलक असतात. हाल होतात व्यंजनांचे. 'त' आणि 'ठ' यांत फरक करणाऱ्या गोष्टी दोन: जीभ सुटतानाचा क्षणभराचा स्फोट आणि 'ठ'मागून येणारा श्वास. शब्दाच्या शेवटी हा श्वास मुळातच अपुरा असतो. त्यात एकसारख्या लाटा नसतात, म्हणून सॉफ्टवेअर लाटेचा अंदाज करून कुठेतरी कापते आणि आधीच आखूड असलेला श्वास निम्मा होतो. कोयनाकाठ यांच्या नोटेत तर ४,००० च्या वरचा आवाज आधीच गेलेला होता, आणि श्वासाचा खरखरीतपणा ओळखायला तोच भाग लागतो. पुरावा आधीच पुसट झाला होता, वेगाने तो निम्मा केला. सातचे साठ झाले, यात नवल नाही.

ओवी वेगाने ऐकू नका, हे सांगायला नकोच. पण मागे जात्याची घरघर असेल, तर बोलणेसुद्धा दीडपटीवर गुळण्या केल्यासारखे लागते, कारण दोन आवाज मिसळले की लाटेची लांबी नीट मोजता येत नाही.

शब्दवेडा

मजकुराचा प्रश्न मागे राहिला, म्हणून लिहितो. मी बोलींची शब्दसंपदा गोळा करतो आणि माझ्याकडे अशा नोटांचा ढीग आहे.

व्हॉट्सॲपने नोटेचा मजकूर दाखवण्याची सोय २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केली. ती `Chats` च्या सेटिंगमध्ये `Voice message transcripts` या नावाखाली असते आणि मजकूर तुमच्याच फोनवर तयार होतो, ही तिची जमेची बाजू. पण सुरुवातीच्या भाषांच्या यादीत मराठी नव्हती. तुमच्या फोनवरची यादी स्वतः उघडून पाहा आणि त्यात मराठी नसेल, तर हौसेने दुसरी भाषा निवडू नका. ते यंत्र मराठी बोलणे त्या भाषेच्या शब्दांत कोंबते आणि ठार निरर्थक मजकूर देते. टेलिग्रामवर ही सोय २०२२ पासून पैसे भरणाऱ्यांसाठी आहे.

घरच्या संगणकावर व्हिस्पर हे बोलणे मजकुरात उतरवणारे सॉफ्टवेअर चालवता येते. त्याला मराठीची ओळख आहे, पण ती शेजाऱ्याच्या ओळखीइतपत. भाषा सांगितली नाही, तर ते मराठीला हिंदी समजून चालायला लागते, म्हणून ती हाताने सांगावी.

```
whisper juni.opus --language mr --model medium
```

लांब शांतता आली की ते कधीकधी न बोललेली वाक्ये स्वतःच रचते किंवा एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिते, म्हणून नोटेत विराम असतील तिथे डोळ्यांत तेल घालून तपासावे. एका गोष्टीची मात्र मला शंका आहे. इतक्या पातळ आवाजावरून यंत्राला नीट लिहिता येणारच नाही, नाही का? आधी आवाज सुधारून घेतला तर?

जुना_खरखराट

हा तर्क सरळ वाटतो, पण तसे नाही. व्हिस्पर कोणतीही फाइल घेतली की आधी ती सेकंदाला १६,००० नमुन्यांवर आणते. म्हणजे ८,००० च्या वरचा जो आवाज नोटेत नाही, तो त्याला नकोच होता. आपल्या कानाला जी हवा हरवलेली वाटते, तिच्याशी त्याला देणेघेणे नाही. फोनचा स्पीकर खालचे वाजवत नाही, याचाही त्याच्यावर परिणाम नाही, कारण ते फाइल वाचते, स्पीकर ऐकत नाही. ब्लूटूथवाली नोट मात्र त्यालाही अपुरी पडेल. आणि उलट, गोंगाट काढणारी प्रक्रिया आधी लावली तर मजकूर बिघडण्याचीच शक्यता अधिक. व्यंजनांच्या कडा गोंगाटासोबत निघून जातात. फाइल आहे तशी द्या.

एका फोनवर नोट वाजवून दुसऱ्या फोनवरच्या मराठी व्हॉइस टायपिंगला ऐकवण्याची युक्ती अनेक जण करतात. तिथे मात्र स्पीकर आणि खोली दोन्ही मध्ये येतात. अगदी शांत खोलीत, छोट्या नोटेसाठी चालते.

कोयनाकाठ

शब्दवेडा, तुम्ही दिलेली आज्ञा जुन्या आणि नव्या दोन्ही नोटांवर चालवली. भुईमुगाचे वाक्य नव्या नोटेत आहे. आई म्हणाली होती, "औंदा भुईमूग सात पोती झाला, पर पाऊस लई लागला." यंत्राने लिहिले, "यंदा भुईमूग साथ पोती झाला पण पाऊस लय लागला." म्हणजे माझी आणि यंत्राची चूक एकाच शब्दावर, फक्त त्याने साठऐवजी साथ ऐकले. शेवटी आईला फोन करून विचारले. सातच.

जुन्या नोटेत दोन मिनिटांत सहा-सात चुका निघाल्या, नव्या नोटेत मी मोजणेच सोडून दिले. पण मला जास्त खटकले ते वेगळेच. 'औंदा'चे 'यंदा' आणि 'पर'चे 'पण' केलेले वाचायला नीटनेटके वाटते, पण ती माझी आई राहत नाही.

शब्दवेडा

माझीही खरी अडचण तीच आहे. हे यंत्र चूक करते तेव्हा पकडता येते. ते सुधारणा करते तेव्हा मूळ आवाज ऐकल्याशिवाय कळत नाही. शोधण्यासाठी मजकूर आणि खरे म्हणून आवाज, असे मी ठेवतो. प्रत्येक नोटेच्या मजकुरासमोर फाइलचे नाव आणि मिनिट-सेकंद लिहून ठेवतो, म्हणजे 'भुईमूग' शोधले की थेट त्या जागी जाऊन ऐकता येते. ओव्या मात्र यंत्राकडे देऊच नका. गाताना स्वर लांबतात, शब्दांच्या मध्ये 'गं' आणि 'बाई' येतात, आणि मजकूर पार विस्कटतो. त्या हातानेच उतरवा.

दुसरा_चहा

मग माझ्यासारख्याने, ज्याला ओव्या जपायच्या नाहीत आणि नुसते ऑफिसच्या गटातल्या नोटा उरकायच्या आहेत, त्याने दीडपट वेग चालू ठेवायला हरकत नाही ना?

डावा_कान

हरकत नाही, पण बोलणाऱ्याला एक विनंती करून ठेवा: रक्कम, तारीख आणि पत्ता नोटेनंतर एका ओळीत टाइप करायचा. आमच्या घरी हा नियम केल्यापासून मी निम्म्या नोटा दुसऱ्यांदा ऐकत नाही.

आखाती_मराठी

एक शंका राहते. माझ्या दोन फोनवर, दोन्ही ब्लूटूथशिवाय, त्याच खोलीत, तोच माणूस बोलला तरी नोटा वेगळ्या येतात. एकात खालचा आवाज भरलेला, दुसऱ्यात कोरडा. चित्रे काढली तर दोन्हींचा रंग ८,००० पाशीच थांबतो. मग फरक कशाचा?

जुना_खरखराट

ॲप फोनकडे आवाज मागते, तेव्हा तो कोणत्या कामासाठी हवा आहे तेही सांगते आणि त्याप्रमाणे फोन बनवणारा त्यावर आपली प्रक्रिया लावतो: गोंगाट कापणे, आवाजाची पातळी सारखी करणे, खालची घरघर गाळणे. ही गाळणी कोणी कुठे लावावी, हे प्रत्येक निर्माता आपापले ठरवतो. तुमच्या दुसऱ्या फोनमध्ये ती जरा वर लावलेली असावी, असा माझा अंदाज आहे. पडताळायचे असेल, तर दोन्ही फोनवर साध्या रेकॉर्डरने तेच वाक्य घ्या आणि चित्रातला ३०० हर्ट्झच्या खालचा भाग शेजारी ठेवून पाहा. रेकॉर्डरमध्ये दोन्ही सारखे आले आणि नोटेत वेगळे, तर गाळणी. रेकॉर्डरमध्येही वेगळे आले, तर माइक किंवा त्यावरचे कव्हर.

आखाती_मराठी

शुक्रवारी सुट्टी आहे, तेव्हा करून चित्रे टाकतो.

कोयनाकाठ

भावाने आईच्या फोनवर रेकॉर्डरचे चिन्ह पहिल्या पानावर आणून ठेवले आहे आणि आज पहाटेची पहिली फाइल दस्तऐवज म्हणून आली. तीन ओव्या, ३ मिनिटे ५ सेकंद, २.९ मेगाबाइट. हेडफोनवर ऐकली. जात्याची घरघर, बांगड्या, ओवीच्या आधी घेतलेला श्वास, सगळे आले आहे. मधेच आई भावाला विचारते, "आता ह्यो लाल ठिपका कसा बंद करायचा?" तेही स्पष्ट ऐकू येते. नेकबँड तिने काढलेला नाही, फक्त ब्लूटूथ बंद आहे. भाच्याने दिलाय म्हणून गळ्यात राहणारच.